रेडिओची टॅगलाइन कानात कशी बसवायची? बेळगावातल्या एका तिखटाच्या ओळीवरून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या छोट्या दुकानदारांसाठी मी रेडिओच्या जाहिराती लिहितो, कधी कधी त्या स्वतः बोलतोही. लोक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरांत एकच ओळ येईल. शहापुरात कांडपाची गिरणी चालवणाऱ्या एका अक्कांसाठी आम्ही ती तयार केली. दहा ओळींची वरवर ओळख करून घेण्यापेक्षा एक ओळ मुळापासून कशी घडली ते पाहिलं, तर तुमची ओळ लिहिताना जास्त उपयोग होईल.

सुरुवात कुठून करायची?

नावापासून. मालाच्या गुणांपासून सुरुवात करू नका.

बहुतेक जण आधी मालाची स्तुती लिहितात आणि शेवटी नाव चिकटवतात. अक्कांच्या मुलाने आणलेला कागद तसाच होता: "उत्कृष्ट दर्जाचे, शुद्ध, घरगुती पद्धतीने तयार केलेले तिखट व मसाले मिळण्याचे विश्वसनीय ठिकाण." यातला एकही शब्द खोटा नव्हता. पण हे वाक्य पिठाच्या गिरणीला, लोणच्याला, पापडाला, कशालाही लावता येतं. शिवाय ते कागदावर वाचायचं वाक्य आहे, तोंडात धरून ठेवावं असं त्यात काही नाही.

गिरणीच्या पाटीवर मोठं नाव होतं, पण गल्लीत कोणी ते घेत नव्हतं. "अक्काकडनं कांडून आण" असंच सगळ्या म्हणायच्या. म्हणजे लोकांच्या तोंडातलं खरं नाव "अक्का" होतं. रेडिओवर पाटी दिसत नाही, त्यामुळे लोक ज्या नावाने हाक मारतात तेच घ्यावं.

नाव ठरलं की त्याचा शेवटचा ठसठशीत आवाज पकडायचा. इथे तो होता "क्का". मग बाराखडी म्हणतो तसं एकेक अक्षर पुढे लावून पाहायचं: चक्का, टक्का, धक्का, पक्का, शिक्का, एक्का. आता यातला अर्थ तपासा. धक्का नको. टक्का ऐकला की पैशाचा हिशेब आठवतो. चक्का श्रीखंडाकडे नेतो. शिक्का चालला असता. पक्का मात्र आवाजाने आणि अर्थाने, दोन्हीकडून बसला. शिवाय तो रोजच्या बोलण्यातला शब्द आहे, ओळीसाठी मुद्दाम उचलून आणलेला वाटत नाही.

यमक जुळलं म्हणजे काम झालं का?

नाही. मराठीत यमक फार स्वस्तात मिळतं, आणि तिथेच फसगत होते. आपल्याकडे प्रत्यय लावले की काहीही जुळतं. "चवीची, घरची, सर्वांच्या आवडीची" किंवा "करणारे, देणारे, जपणारे". कागदावर हे जुळलेलं दिसतं, पण कानाला ते यमक वाटतच नाही, कारण "ची" आणि "णारे" आपण दिवसभर शेकडो वेळा ऐकतो. ज्या आवाजाची सवय आहे त्याकडे कान लक्ष देत नाही.

यमक मूळ शब्दात हवं. जुन्या म्हणी पाहा. "आधी पोटोबा मग विठोबा" यात पोटाला देवासारखं "ओबा" लावलंय, आणि तेवढ्या आवाजाने भूक देवाच्या रांगेत येऊन बसते. "अति तेथे माती" यात अति आणि माती हे दोन्ही पूर्ण शब्द आहेत. अतिरेकाचा शेवट मातीत होतो हे सांगायचं काम यमकच करतं. यमक काढून घेतलं तर या म्हणींतला विचारही सैल पडतो. तुमच्या ओळीवर हाच प्रयोग करा. यमकाच्या शब्दाजागी त्याच अर्थाचा दुसरा शब्द घाला. काहीच बिघडलं नाही, तर ते यमक नुसती सजावट होती.

एकच शब्द पुन्हा पुन्हा घेतला तर कंटाळा येत नाही का?

नुसता घोळवला तर येतो. दोनदा तेच आणि तिसऱ्यांदा वेगळं असं केलं तर येत नाही.

"पक्का… पक्का…" असं दोनदा ऐकलं की कान तिसऱ्या "पक्का"साठी तयार होतो. तिथे "अक्का" आलं, तर अपेक्षा अर्धी पुरी होते आणि अर्धी चुकते. आवाज तोच असतो, शब्द नवा असतो. जो शब्द त्या जागी पडतो तो लक्षात राहतो. म्हणूनच ती जागा दुकानाच्या नावासाठी राखून ठेवायची. ओळी बिघडतात त्या बहुतेक इथेच. तिथे कोणी "भारी" टाकतं, कोणी "न्यारी", आणि नाव मधे कुठेतरी हरवून जातं. महिनाभराने लोकांना ओळ आठवते, पण कुणाची ते आठवत नाही. अशी ओळ शेजारच्या दुकानालाही गिऱ्हाईक देते.

पुनरुक्तीची मला आवडणारी एक रचना आकाशवाणीच्या ब्रीदवाक्यात आहे: "बहुजनहिताय बहुजनसुखाय". पुढचा तुकडा तोच, शेवटचा "आय" तोच, बदलतो फक्त मधला शब्द. त्यामुळे सगळं लक्ष हित आणि सुख या दोन शब्दांवर जातं. ज्याला संस्कृत येत नाही त्यालाही ते म्हणता येतं.

ओळ किती लांब असावी?

रेडिओवर जाहिरातीची वेळ साधारण दहा सेकंदांच्या मापाने विकली जाते, म्हणून दहा सेकंद धरून चला. त्यात मालाची ओळख, ओळ, पत्ता आणि ओळीची शेपटी पुन्हा एकदा, एवढं बसायला हवं. म्हणजे ओळीच्या वाट्याला तीन-चार सेकंद येतात.

अक्षरं मोजू नका, ठोके मोजा. बोलताना मराठीतले बरेच "अ" गळून पडतात. "ठसका" लिहिताना तीन अक्षरं आहेत, पण बोलताना "ठस्-का" असे दोनच ठोके पडतात. "तिखट" म्हणजे "ति-खट्", दोन. "कुटते" म्हणजे "कुट्-ते", दोन. टाळी वाजवत मोजलंत की चूक होणार नाही. बारा ते पंधरा ठोक्यांच्या पुढे गेलात, तर बोलणाऱ्याला पळावं लागतं, आणि पळताना पहिला बळी जातो तो थांब्याचा. थांबा गेला की यमकही ऐकू येत नाही.

अक्कांची ओळ कशी तयार झाली ते टप्प्याटप्प्याने सांगाल का?

सांगतो. यातल्या चुका जास्त कामाच्या आहेत.

तिखटाबद्दल आमच्या भागात दोन गोष्टी सगळ्यांना माहीत असतात. ब्याडगी मिरची रंगाला आणि संकेश्वरी मिरची तिखटपणाला. ब्याडगीचा रंग गडद लाल, पण तिखटपणा बेताचा. म्हणून घरोघरी दोन्ही मिसळतात आणि आपल्या जिभेप्रमाणे प्रमाण ठरवतात. पहिली ओळ त्यातूनच आली: "रंग ब्याडगीचा, ठसका संकेश्वरीचा." मजकूर उत्तम होता. पण टाळी वाजवून पाहिलं तर पहिला भाग चार ठोक्यांचा आणि दुसरा सात. एक पाय आखूड असलेल्या पाटासारखी ती डुगडुगत होती. आणि तिच्यात अक्का कुठेच नव्हत्या.

दुसरी ओळ: "रंग पक्का, ठसका पक्का, तिखट म्हणजे अक्का!" ही मला फार आवडली. वाचून दाखवली तेव्हा अक्का कांडपाशेजारी मिरचीचे देठ खुडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "व्हय रे, मी तिखट? सगळ्या गावाला सांगणार रेडिओवर?" त्यांचं बरोबर होतं. "तिखट बाई" म्हटलं की मिरची कुणाला आठवत नाही. मी माफी मागितली आणि तो शब्द सोडून दिला.

"म्हणजे"च्या जागी दोन ठोक्यांचं क्रियापद हवं होतं. करते, देते, विकते असे शब्द म्हणून पाहिले. मग तिथेच चालू असलेल्या कांडपाचा आवाज कानावर पडला आणि "कुटते" सुचलं. तिखट, कुटते. "ट" दोनदा येतो आणि दोन्हीकडे जीभ टाळूला आपटते, मुसळ उखळात पडावं तशी. ओळ झाली: "रंग पक्का, ठसका पक्का, तिखट कुटते अक्का!" अक्का हसल्या आणि म्हणाल्या, "हे बरं हाय की."

तरीही ती अजून पुरी झाली नव्हती. शहापूर आणि वडगाव म्हणजे मागांचा भाग, साड्यांचा भाग. गल्लीतल्या चार-पाच बायकांना फक्त पहिले दोन शब्द ऐकवले आणि विचारलं, कशाची जाहिरात? एकीने लगेच सांगितलं, "साडीची. रंग जात नाही म्हणतायत ना." दुसरीचं बोलणं त्याहून गंभीर होतं: "तिखटात रंग घालतात का काय?" तिखटात वेगळा रंग मिसळायला कायद्यानेच बंदी आहे. आमच्या दोन शब्दांनी प्रामाणिक बाईच्या मालावर नेमका तोच संशय उभा केला होता.

उपाय साधा निघाला. क्रम उलटा केला. "ठसका" आधी आला की पहिल्याच शब्दाला तिखट डोळ्यांपुढे येतं, आणि मग रंगाला मिरचीचाच अर्थ लागतो. शिवाय ओळीच्या आधी दोन्ही मिरच्यांची नावं त्याच क्रमाने घेतली, म्हणजे रंग कुठून आला हेही सांगून झालं. शेवटी दहा सेकंदांचा मजकूर असा झाला:

"संकेश्वरी ठसक्याला, ब्याडगी रंगाला. (कांडपाचे दोन ठोके) ठसका पक्का, रंग पक्का, तिखट कुटते अक्का! शहापूरला, कांडपाच्या गिरणीत. तिखट कुटते अक्का!"

ओळीचे ठोके चार, तीन आणि सहा. तीन-चार-सहा अशी चढण पहिल्या क्रमात होती, ती गेली याचं मला वाईट वाटलं. पण अर्थ चुकत असेल तर लय कितीही गोड असली तरी सोडावी लागते.

अनुप्रास जास्त झाला तर?

जीभ अडखळते. "काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले" हे लहानपणी आपण चूक व्हावी म्हणूनच म्हणायचो. तुमच्या ओळीने तसं वागू नये. पाच वेळा भरभर म्हणून पाहा. तिसऱ्या वेळी जीभ घसरली, तर एक सारखा आवाज कमी करा. घसरण बहुधा जवळजवळ सारख्या आवाजांमुळे होते: ल आणि ळ, न आणि ण, स आणि श. अगदी सारखे किंवा अगदी वेगळे आवाज जिभेला सोपे जातात. सीमाभागात आणखी एक गोष्ट आहे. ण-न आणि ळ-ल यांचे उच्चार गावागावात बदलतात. तुमची सगळी गंमत "ळ"वर टेकलेली असेल, तर ती काही गावांत पोचणारच नाही.

कोणते आवाज रेडिओवर चांगले पोचतात?

ऐकणारा कुठे असतो ते आठवा. मिक्सर चालू असलेल्या स्वयंपाकघरात, वडापच्या जीपमध्ये, शेतात खिशातल्या मोबाइलवर. छोट्या स्पीकरमधून भारदस्त, खालचे आवाज पोचत नाहीत. स आणि श यांचा नुसता फुसफुसाट होतो. "शहापुरी साडी, सणासाठी साजरी" कागदावर छान दिसते, पण मोबाइलवर ती गळक्या नळीसारखी ऐकू येते.

जोडाक्षरातला "क्क" मात्र गोंगाट कापून येतो. कारण त्यात आधी क्षणभर शांतता असते आणि मग आवाज फुटतो. ट, ठ, च्च, त्त यांचंही तसंच. पण "प"ची एक अडचण आहे. तोंडातली हवा सरळ माइकवर आदळते आणि "पक्का"चा "फक्" होतो. माइक तोंडासमोर न ठेवता थोडा बाजूला, वीतभर अंतरावर तिरका धरा आणि त्याच्यापुढे जाळी लावा. मोबाइलवर मुद्रण करणार असाल तर तो हनुवटीच्या बाजूला धरा.

तपासायचं असेल तर मुद्रण मोबाइलवर लावा, घरातला मिक्सर चालू करा आणि दुसऱ्या खोलीत उभे राहा. नाव कळलं तर ओळ चालेल.

नावाला यमकच मिळत नसेल तर?

मग यमक सोडा आणि नाव पुन्हा घ्या. कुंद्याचंच बघा. "कुंदा"ला जुळणारा चांगला शब्द मला अजून सापडलेला नाही. ओढूनताणून जुळवलं की हसू होतं. त्यापेक्षा "पाहुण्याला कुंदा, प्रवासाला कुंदा" म्हणावं. दोन्हीकडे "प" पुढे, "कुंदा" मागे. एवढी पुनरुक्ती पुरते. पुढे दुकानाचं नाव आलं की झालं.

दुकानाचं नाव लांबलचक असेल, दोन आडनावं आणि पुढे "ट्रेडर्स अँड सन्स", तर त्याचं यमक करत बसू नका. गिऱ्हाईक त्याचं काय करून टाकतात ते ऐका. काउंटरपाशी अर्धा तास उभं राहिलं की तेही कळतं.

कानडी गिऱ्हाईक निम्मं आहे. ओळ दोन्ही भाषांत करावी का?

करावी, पण भाषांतर करून नव्हे. भाषांतरात अर्थ येतो आणि आवाज मागे राहतो, तेव्हा ओळ त्या भाषेत पुन्हा घडवावी लागते. आमचं नशीब की "अक्का" दोन्हीकडची. कानडीतही थोरल्या बहिणीला अक्का, आणि "पक्का"ही बाजारात सगळे म्हणतात. गिरणीवर येणाऱ्या एका कानडी बाईंनी ओळ सुचवली: "खार पक्का, बण्ण पक्का, कुट्टाकि नम्म अक्का!" खार म्हणजे तिखटपणा, बण्ण म्हणजे रंग, कुट्टाकि म्हणजे कुटणारी, आणि "नम्म" म्हणजे आपली. आमच्या "कुटते"ला त्यांच्याकडे "कुट्टु" निघाला आणि टकारही तसाच राहिला.

एक बारकावा आहे. नीट कानडीत "अक्क" ऱ्हस्व आहे, हाक मारताना ते दीर्घ होतं. म्हणून ओळीचा शेवट हाक मारल्यासारखा बोलायचा, म्हणजे "पक्का"शी जुळतो. बोलणारी व्यक्ती त्याच भाषेत वाढलेली हवी. मराठी माणसाने रेटलेली कानडी ओळ गिऱ्हाईक दोन शब्दांत ओळखतं.

निपाणीकडे तिखटाला चटणी म्हणतात. ओळ बदलावी का?

हो, फक्त तेवढा शब्द: "चटणी कुटते अक्का." ठोके तेवढेच राहतात, "ट"ही राहतो. बाकी काही हलवू नका.

कोणाच्या आवाजात बोलावं?

जमत असेल तर मालकाच्याच. अक्कांनी पहिल्यांदा पुस्तकातला धडा वाचल्यासारखं म्हटलं. मी त्यांना माइकचं विसरायला सांगितलं आणि दारात आलेल्या बाईला सांगतोय असं म्हणायला लावलं. तेव्हा "अक्का"वर आपोआप जोर आला. थांबा कुठे ते मात्र ठरवून द्यावं लागतं: दोन्ही "पक्का"नंतर अर्धा श्वास, आणि "कुटते"नंतर अजिबात नाही.

ओळ बसली की नाही ते कसं कळेल?

ऐकल्याबरोबर विचारू नका, तेव्हा सगळ्यांनाच आठवते. दुसऱ्या दिवशी तीन गोष्टी विचारा: ओळ काय होती, माल कोणता, कुणाचा. ओळ येते पण माल सांगता येत नाही, तर पहिला शब्द चुकलाय. माल येतो पण नाव नाही, तर नाव यमकाच्या जागी नाही. नाव येतं पण ओळ मोडकी येते, तर मोडलेलं रूप नीट ऐका. लोकांनी गाळलेला शब्द बहुतेक वेळा खरंच नको असतो.

पोरांना तर आवर्जून ऐकवा. त्यांना तिखट विकत घ्यायचं नसतं, त्यामुळे ती फक्त आवाज उचलतात.

किती दिवसांनी ओळ बदलावी?

लोकांच्या आधी तुम्हालाच तिचा कंटाळा येईल, कारण तुम्ही ती सगळ्यांत जास्त ऐकता. त्या कंटाळ्यावर जाऊ नका. तिखटाचा हंगाम उन्हाळ्याचा. मिरची वाळवून पावसाआधी वर्षाचं कांडप उरकायचं असतं. त्या दिवसांत ओळ, आवाज आणि कांडपाचे ते दोन ठोके जसेच्या तसे ठेवा. बदलायचंच असेल तर आधीचा मजकूर बदला. पावसाळ्यात अक्का थालीपिठाची भाजणी दळून देतात, तेव्हा पुढचं वाक्य भाजणीचं होतं आणि शेवटी येतं तेच, "तिखट कुटते अक्का!"